खुद्द

आमच्या घरात माजघराच्या खुंटीला एक तार अडकवलेली होती. जाड, वर आकडा केलेली, खाली पत्र्याची चकती. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत खोचायचं, ही आज्जाची पद्धत. आज्जाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं वाचून दुसऱ्यानं दाखवायचं आणि खोचायचं मात्र त्यानं स्वतः. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, लष्करात असलेल्या भाच्याची आंतर्देशीय पत्रं, सगळी एकावर एक. तीस वर्षांचा तो गठ्ठा उंदरांनी खालून कुरतडला होता, पण मधली पत्रं शाबूत राहिली. आज आमच्या नावावर जी अडीच एकर जमीन आहे ती त्या मधल्या पत्रांमुळं आहे.

गाव बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या अंगाला. पुढं बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. आम्ही पणजापासून कुळं. मालक शहापूरचे. शहापूर म्हणजे बेळगावातलंच, पण 1948 पर्यंत सांगली संस्थानचं, त्यामुळं आज्जा शेवटपर्यंत 'संस्थानात जाऊन येतो' म्हणायचा. मालकांची आमच्याकडं साडेतीन एकर. त्यातलं ओढ्याचं शेत अडीच एकर, भाताचं. माळाचं एक एकर, नाचणी-रताळ्याचं. त्याच मालकांची थोडी जमीन चंदगड तालुक्यातल्या एका गावात होती आणि ती आज्जाच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आमच्या आत्तीचं, घर करत होतं. सोयरीकच त्या ओळखीतून जमलेली. मालकाच्या अंगणात खंडाचं भात घालायला दोन्ही गावच्या गाड्या एका दिवशी आल्या आणि दोन म्हातारे बोलत बसले.

हे एवढं सविस्तर सांगतो, कारण पुढं जे झालं ते या दोन घरांच्या मधून गेलेल्या रेषेमुळं झालं. मालक एक, खंडाची रीत एक, जिल्हासुद्धा एकच. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होता. कूळ कायदाही एकच, मुंबई राज्याचा 1948 चा. मग 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड तालुका तोडून कोल्हापूरला जोडला. सीमाप्रश्नावर आपल्याकडं बोलायचं झालं की भाषा, पाट्या, शाळा यांच्यावर बोलतात. जमिनीवर कुणी बोलत नाही. आमच्या घरात मात्र सीमाप्रश्न म्हणजे आधी जमीन.

मुंबई राज्यानं 1956 मध्ये कूळ कायद्यात मोठी दुरुस्ती केली होती. 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल त्यानं ती विकत घेतली असं कायद्यानं मानायचं. त्यानं अर्ज करायचा नाही, कायदाच त्याला खरेदीदार मानतो. किंमत नंतर शेतजमीन न्यायाधिकरणानं ठरवायची, आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या वर्षाच्या साऱ्याच्या, वीसपट ते दोनशेपट यांच्यामध्ये कुठंतरी, आणि ती हप्त्यांनी फेडायची. आत्तीच्या घराला तीन एकरांना वर्षाचा आकार बारा रुपये होता. न्यायाधिकरणानं पन्नासपट धरली, म्हणजे सहाशे रुपये, बारा हप्त्यांत. वर्षाला पन्नास. आत्तीच्या सासऱ्याला पहिल्यांदा ते खरंच वाटेना. मालकाला दरवर्षी घालायच्या भाताची किंमत त्याहून जास्त होत होती. शेजारच्या एका घरानं मात्र न्यायाधिकरणापुढं 'आम्हांला घ्यायची न्हाई' असं सांगून टाकलं. मालकाची भीड, दुसरं काय. न घेणाऱ्याची खरेदी रद्द व्हायची, तशी त्यांची झाली. कायदा दारात येऊन उभा राहिला तरी उंबरा आपणच ओलांडायचा असतो, आणि पिढ्यानपिढ्या मालकासमोर चप्पल काढून उभं राहिलेल्या माणसाला तो उंबरा उंच पडतो.

आता रेषेच्या अलीकडं. नव्या म्हैसूर राज्यात पाच तुकडे एकत्र आले होते: जुनं म्हैसूर, मुंबईकडून आलेले आमचे जिल्हे, हैदराबादकडचे, मद्रासकडून आलेला दक्षिण कन्नड आणि कोडगू. प्रत्येकाचा कूळ कायदा वेगळा. सगळ्यांना मिळून एक कायदा करू, असं ठरलं, आणि तोवर मुंबईच्या दुरुस्तीतली कुळाला मालक करणारी कलमं आमच्याकडं स्थगित ठेवली. विचार चुकीचा नव्हता. पण त्या 'तोवर'ला किती वर्षं लागली बघा. 1957 मध्ये बी. डी. जत्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल, मग विधेयक, मग त्यावर पुन्हा समिती. कायदा झाला तो 1961 चा, राष्ट्रपतींची मंजुरी 1962 मध्ये, अंमल 2 ऑक्टोबर 1965 पासून. आणि त्या कायद्यातही मालकाला 'स्वतः कसतो' म्हणून काही जमीन परत मागायची वाट ठेवलेली. कुळाला सरसकट मालक करणारी दुरुस्ती आली ती देवराज अरस मुख्यमंत्री असताना, 1 मार्च 1974 ला.

1957 ते 1974. सतरा वर्षं. तिकडं आत्तीचं घर हप्ते फेडून मोकळं झालं, आणि इकडं आमची गाडी दर सुगीला शहापूरला जातच राहिली. ओढ्याच्या शेतात चांगल्या साली तीस पोती भात व्हायचं. कायद्यानं खंड सहाव्या हिश्शावर आणला होता, म्हणजे पाच पोती. आम्ही घालायचो पंधरा. अर्धेल ही रीत होती, कायदा नव्हे. दिवाळीला आत्ती माहेरी आली की पहिलं वाक्य ठरलेलं:

"गाडी अजून शापूरला जातीया व्हय रं?"

आज्जा हसून घालवायचा. सतरा वर्षांचे अडीचशे पोती होतात, हा हिशेब मी केला. त्यानं कधी केल्याचं मला ठाऊक नाही.

पण अडीचशे पोत्यांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच होतं. सीमेपलीकडं कायदा आला, म्हणजे अलीकडच्या मालकाला घरबसल्या नोटीस मिळाली. उद्या हे आपल्याकडंही येणार, आणि आलं की 'कसतो कोण' एवढ्या एका प्रश्नावर जमीन जाणार किंवा राहणार, हे शहापुरात बसलेल्या शिकलेल्या माणसाला 1957 मध्येच कळलं. गावातल्या न शिकलेल्या कुळाला ते कळायला फॉर्म भरायची वेळ यावी लागली. मधली सतरा वर्षं कागद नीट करायला पुरेशी होती.

कागद म्हणजे उतारा. आमच्याकडं त्याला पहाणी म्हणतात. त्यात मालकाचं नाव एका रकान्यात आणि त्या साली पीक कुणी काढलं त्याचं नाव दुसऱ्या रकान्यात. मालक स्वतः करत असेल तर तिथं एकच शब्द असतो: 'खुद्द'. पणजाचं नाव पूर्वी इतर हक्कात संरक्षित कूळ म्हणून लागलं होतं. पणजा 1952 ला गेला. वारस म्हणून आज्जाचं नाव लावायला वर्दी द्यायची असते हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. नावाला कंस पडला आणि कसणाऱ्याच्या रकान्यात 1953 पासून 'खुद्द' सुरू झालं. कुणी सांगितलं, कुणी लिहिलं, ते विचारायला आता त्यातलं कुणीच नाही. ओढ्याच्या शेतात आज्जा चिखल करत होता, आज्जी रोप लावत होती, माझे बाबा बांधावर म्हसरं राखत होते, आणि कागदावर शहापूरचे मालक खुद्द भात पिकवत होते, वर्षामागून वर्ष.

यात मालकाला खलनायक करायचा माझा विचार नाही. माणूस सज्जन होता. बाबांच्या चौथीच्या पुस्तकांचे पैसे त्यानंच दिले होते. पण तो पावती द्यायचा नाही. भात मोजून घ्यायचा, चहा द्यायचा, आज्जीसाठी जुनं लुगडं द्यायचा, पावती नाही. त्याच्या घरी लिहायला कागद नव्हता असं थोडंच आहे?

फॉर्म सात. आमच्याकडच्या साठीच्या वरच्या कुठल्याही माणसाला विचारा, 'सात नंबर फॉर्म' म्हटलं की तो सरळ बसेल. 1974 च्या दुरुस्तीनं झालं असं, की 1 मार्च 1974 ला कुळांकडं असलेली सगळी जमीन एकदम सरकारकडं गेली. मालकाचा हक्क संपला, पण कुळाचाही लगेच लागला नाही. कुळानं फॉर्म सात भरून सांगायचं की मी या जमिनीत कूळ होतो, मला ताबेदार म्हणून नोंदवा. इथंच महाराष्ट्राच्या कायद्याशी फरक. तिकडं जमीन कुळाकडं आपोआप गेली आणि मग किंमत ठरली. इकडं मागावी लागली. मुदत सुरुवातीला 1974 अखेर होती, ती वाढवत वाढवत 30 जून 1979 पर्यंत नेली. राज्यभरातून आठ लाखांच्या आसपास अर्ज आले. ज्यानं अर्ज केला नाही त्याचं कूळपण तिथंच संपलं, मग त्यानं चार पिढ्या का नांगर धरलेला असेना. न भरलेल्यांत आमच्या गावातली निदान दोन घरं मला माहीत आहेत. एकानं मालकाला राजीनामा लिहून दिला होता, आणि दुसऱ्याला वाटलं, आपण तर खंड वेळेवर घालतोय, आपल्याला कोण काढणार.

अर्ज तालुक्याच्या भूसुधारणा न्यायमंडळापुढं चालायचे. अध्यक्ष प्रांतसाहेब, बाकी चार सभासद सरकारनं नेमलेले बिगरसरकारी, त्यांतला एक अनुसूचित जाती-जमातीचा. न्यायमंडळापुढं वकिलांना मज्जाव होता. हे मला त्या कायद्यातलं सगळ्यात शहाणं कलम वाटतं. वकील असता तर आज्जा त्याच दिवशी हरला असता. आणि निकालावर अपीलही नव्हतं. पटलं नाही तर थेट बंगळूरच्या उच्च न्यायालयात रिट.

आज्जाची तारीख 1977 मध्ये लागली. बाबा तेव्हा तेवीस वर्षांचे, सोबत गेले होते. मालक आपल्या पहाण्यांच्या नकला घेऊन आले होते, साल 1953 पासून, एकेक टाचणी लावून. सगळीकडं 'खुद्द'. महसुली नोंद खरी धरायची असते, खोटी म्हणणाऱ्यानं ती खोटी ठरवून दाखवायची. म्हणजे ओझं आज्जावर. प्रश्न कन्नडमध्ये. सभासदांपैकी एक जण मराठीत सांगायचा. खंड काय देत होता? अर्धेल. पावती? नाही. करार? नाही. साक्षीदार? आहे, आमचा गडी.

या गड्याबद्दल पुढं लिहायचं आहे. आधी पत्रं.

सकाळी निघताना आज्जानं ती तार खुंटीवरून काढून पंच्यात गुंडाळून घेतली होती. का घेतली, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. 'कागद आणा' असं कुणीतरी म्हणालं होतं आणि घरात कागद म्हणून जे होतं ते सगळं त्या तारेवर होतं. प्रांतसाहेबांसमोर त्यानं पंचा सोडला. बाबा सांगतात, हॉलमध्ये हसू फुटलं. त्यांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका सभासदानं मात्र तार हातात घेतली आणि पत्रं वरून एकेक उतरवायला सुरुवात केली. लग्नपत्रिका बाजूला, सोसायटी बाजूला. आणि मग एक पोस्टकार्ड. मालकांच्या सुरेख बाळबोध अक्षरात:

'ओढ्याच्या शेताचे खंडाचे भात पाडव्यापूर्वी पोहोचते करावे. या वर्षी पोती चांगली बघून आणणे. मुलांस आशीर्वाद.'

मालक पावती देत नव्हते, पण त्यांना पत्र लिहायची सवय होती. गाडी यायला उशीर झाला की कार्ड टाकायचे. दीड दमडीचं कार्ड, पण त्यावर टपालाचा शिक्का, शिक्क्यावर तारीख. अशी नऊ कार्डं निघाली, 1958 पासून 1971 पर्यंतची. मालकांना अक्षर ओळखायला सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि 'माझंच आहे' म्हणाले. खोटं बोलता आलं असतं. बोलले नाहीत. मी त्यांना सज्जन म्हणतो ते यासाठी.

निकाल लागला. ओढ्याचं शेत, अडीच एकर, आज्जाच्या नावे. माळाचं एक एकर गेलं. एकाही कार्डात माळाचा उल्लेख नव्हता, कारण नाचणीचा खंड मालकांना नकोच असायचा. त्याबदली आज्जी वर्षातून दोनदा रताळी नि शेंगा पोचवायची. त्या एकरासाठी कार्ड लिहायची वेळच कधी आली नाही. चांगुलपणानं सोडलेल्या खंडामुळं ते एकर कागदावर 'खुद्द'च राहिलं. आज्जाला याचं दुःख शेवटपर्यंत होतं. अडीच एकर मिळाल्याचं सुख त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, एक एकर गेल्याचं मात्र दर पावसाळ्यात. पुढं सरकारी रक्कम भरली आणि दहा नंबर फॉर्म, म्हणजे ताबेदारीचा दाखला, हातात आला. पंधरा वर्षं विकायची बंदी होती. विकणार कोण होतं म्हणा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती माझ्याच घरात आहे. आईची आई खानापूर तालुक्यातली. विधवा. दोन एकर जमीन, मुलं लहान, नांगर धरायला कुणी नाही म्हणून वाट्यानं दिलेली. 1974 ला वाटेकऱ्यानं फॉर्म सात भरला. जमीन गेली. सीमेपलीकडं असती तर वाचली असती, निदान तिच्या हयातीपुरती, कारण महाराष्ट्रात विधवा, अज्ञान आणि अपंग मालकांच्या जमिनीत कुळाचा खरेदीचा हक्क पुढं ढकललेला होता. 1974 च्या दुरुस्तीत इकडं तशी सवड नव्हती. सवड होती ती सैनिकांना. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, आमच्या गावांत घराआड एक फौजी, त्यामुळं त्या सवडीचा उपयोग भरपूर झाला, काही ठिकाणी जरा जास्तच. आईच्या आईला नवरा नव्हता आणि मुलगा फौजेत जायच्या वयाचा नव्हता. ती पुढं चाळीस वर्षं जगली आणि त्या वाटेकऱ्याच्या घरचं पाणी तिनं कधी घेतलं नाही. लहानपणी मला घरात 'कायद्यानं न्याय केला' आणि सुट्टीत आजोळी 'कायद्यानं देशोधडीला लावलं' असं ऐकावं लागायचं, आणि दोन्ही खरं होतं.

दक्षिण कन्नडात हाच कायदा जोरात चालला, कारण तिथं कूळवहिवाट जुनी, मोठ्या प्रमाणावर आणि नोंदलेली होती. आमच्याकडं ती तोंडी, अनेकदा नात्यातली, भिडेची. दोन एकरांचा मालक आणि तीन एकरांचं कूळ अशा जोड्या. जमीनदार म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढं येतं ते इथं क्वचितच बसायचं.

आता गड्याचं.

तो आमच्याकडं सालानं होता. पाडव्याला ठरायचं, पुढच्या पाडव्यापर्यंत. वर्षाचं धान्य, दोन जोड कपडे, एक घोंगडं, वहाणा आणि थोडे रोख. आगाऊ उचल घेतलेली असायचीच, त्यामुळं पाडवा आला तरी हिशेब संपायचा नाही आणि दुसरं साल सुरू व्हायचं. आम्ही मुलं त्याला मामा म्हणायचो. आता त्यातली गोष्ट अशी, की आज्जाची पाठ 1960 च्या सुमारास बैलानं पाडल्यापासून कामातून गेली होती. कुळवणं, चिखल करणं, रात्री पाणी पाजणं, सगळं मामा करायचा. आज्जा बांधावरून सांगायचा.

न्यायमंडळापुढं मामा आमच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला. "शेत कोण करतो?" असं विचारल्यावर त्यानं आज्जाकडं बोट दाखवलं.

"हे करत्यात की, सायेब."

"आणि तू?"

"मी यांच्यात गडी हाय."

कायद्यात ही रेघ स्पष्ट आखलेली आहे. दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा तो कूळ. पण मालकाच्या देखरेखीखाली मजुरीनं राबणारा गडी, तो नव्हे. नांगर कुणाच्या हातात होता हे कायदा विचारत नाही, पिकाचा धोका कुणाच्या डोक्यावर होता हे विचारतो. पीक बुडालं तर आज्जा बुडणार होता, मामाचं सालाचं धान्य ठरलेलं होतं. तर्क बरोबर आहे. मी तो कितीदा तरी मनात तपासून पाहिला आहे, त्यात खोट सापडत नाही. तरी 'कसेल त्याची जमीन' हे शब्द भिंतीवर रंगवलेले पाहिले की मला प्रांतसाहेबांसमोर बोट दाखवणारा मामा दिसतो. त्या हॉलमध्ये ओढ्याच्या शेताचा चिखल ज्याच्या पायाला सगळ्यात जास्त लागला होता असा तो एकटाच माणूस होता आणि अर्ज दुसऱ्याचा होता.

मामाला काहीच मिळालं नाही असं नाही. त्याची झोपडी मालकांच्याच एका पडीक तुकड्यात होती. शेतमजुराचं दुसऱ्याच्या जमिनीत राहतं घर असेल तर ते घर आणि भोवतालची लागती जागा त्याच्या नावे करायची तरतूद याच कायद्यात होती, तशी ती झाली. घराखालची जमीन त्याची झाली. पोटाखालची नाही. पुढं त्याच्या पोरानं सालाला राहायचं नाकारलं आणि उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत गेला. आठवड्याला पगार, शनिवारी हातात. आज्जा चिडला होता. 'जमीन आली आणि माणूस गेला' असं म्हणायचा. मला वाटतं दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता. 1974 नंतर कुणीही कुणाला नव्यानं जमीन कसायला द्यायची नाही, असा कायदा झाला. सैनिक-खलाशी सोडले तर कूळ ठेवायलाच बंदी. जुन्या कुळांना मालक करताना दार आतून लावून घेतलं. आज्जासारखा पणजाच्या वेळी आत आलेला माणूस आत राहिला. मामाच्या पोराला त्या वाटेनं वर चढायची सोयच उरली नाही. मग फौंड्रीत न जाऊन तो करणार काय?

तीस-बत्तीस वर्षं साचा-भट्टीत काढून, फुप्फुसं खराब करून तो परत आला. तोवर आज्जा नव्हता, मी पुण्यात, बाबांचे गुडघे गेलेले. ओढ्याचं शेत आता तो करतो, पालानं. बी आणि खत निम्मं-निम्मं, राबणं त्याचं, भात निम्मं. हे तोंडी आहे. कागदावर असायची सोयच नाही. पहाणी आता संगणकावरून येते, कन्नडमध्ये, एकर-गुंठे-आण्यांत. मालकाच्या रकान्यात बाबांचं नाव, आणि कसणाऱ्याच्या रकान्यात जो कन्नड शब्द आहे त्याचा अर्थ मी शेजारच्या कानडी मित्राला विचारला, खरं तर ठाऊक असून विचारला. 'स्वंत' म्हणजे स्वतः. म्हणजे खुद्द.

2019 च्या ऑगस्टात मार्कंडेयचं पाणी ओढ्यातून शेतात आठवडाभर उभं राहिलं. रोप कुजलं. त्यात त्याचे दोन महिने गेले होते. भरपाई आली ती बाबांच्या खात्यावर, कारण उतारा बाबांचा. त्यातलं निम्मं त्याला द्यावं की सगळं, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी निम्मं दिलं. बी-खतात आपलेही निम्मे गेलेत, असा बाबांचा मुद्दा. तोही बरोबर होता. आमच्या घरात बरोबर मुद्द्यांची कधी कमतरता पडली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो बाबांकडं आला होता. सोसायटीतून पीककर्ज काढायचं होतं, खत महागलं होतं. शेत मी करतो असं चार ओळीत लिहून द्या, एवढंच त्याचं म्हणणं. बाबा त्याला काही बोलले नाहीत. चहा दिला, हवं तर रोख उचल देतो म्हणाले. तो गेल्यावर मी बाबांना कायदा सांगितला. फॉर्म सातची मुदत 1979 लाच संपली, आज कुणाला लिहून दिलं म्हणून तो काही ताबेदार होत नाही, उलट जमीन कसायला दिली हे उघड झालं तर अडचण आपलीच. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांना कायद्याची भीती नव्हतीच. ते 1977 साली त्या हॉलमध्ये होते.

दिवाळीनंतर मळणी कधी धरायची हे विचारायला मी पुण्याहून मामाच्या पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं. 'ओढ्याच्या शेताचं भात' एवढं लिहून झालं होतं. बाबा शेजारी बसले होते. त्यांनी वाकून पडद्यावर बघितलं.

"लिहू नको," ते म्हणाले. "फोन कर."